रॅकगणिक एक नंबर

मोठ्या डेटा सेंटरच्या हॉलमध्ये माणसाच्या उंचीहून उंच कपाटे रांगेने उभी असतात. या कपाटाला रॅक म्हणतात. एका रॅकमध्ये वीस-तीस, कधी चाळीस सर्व्हर एकावर एक बसवलेले असतात आणि सगळ्यांत वरच्या खणात बहुधा एक स्विच असतो. रॅकमधल्या प्रत्येक सर्व्हरची वायर या स्विचला येते. लीफ-स्पाइन पद्धतीत या स्विचला लीफ म्हणतात, आणि सगळ्या लीफना एकमेकांशी जोडणाऱ्या वरच्या थरातल्या स्विचना स्पाइन. जोडणीचा नियम सोपा आहे. प्रत्येक लीफपासून प्रत्येक स्पाइनला एक वायर जाते. दोन लीफमध्ये थेट वायर नसते आणि दोन स्पाइनमध्येही नसते. त्यामुळे कुठल्याही रॅकमधून कुठल्याही दुसऱ्या रॅकमध्ये जायचे असेल तर एकदा वर जायचे आणि एकदा खाली उतरायचे. एक मोठा, महागडा स्विच घेण्याऐवजी लहान स्विचांचे थर रचायचे ही कल्पना बेल लॅब्जमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडली होती. म्हणून या रचनेला आजही क्लॉस नेटवर्क म्हणतात.

स्पाइन चार असतील तर दोन रॅकमध्ये जायला चार सारखेच रस्ते मिळतात. लीफ प्रत्येक कनेक्शनचे पत्ते आणि पोर्ट पाहून ते चारांपैकी एका रस्त्याला लावून देतो. एक स्पाइन बंद पडला तर क्षमता पाव भागाने घटते, पण रॅक तुटत नाहीत. मात्र यासाठी लीफला दोन गोष्टी कळाव्या लागतात: कोणता पत्ता कोणत्या रॅकमध्ये आहे, आणि आत्ता, या क्षणी, कोणत्या स्पाइनमार्गे तिथे पोचता येते. ते सांगायला राउटिंग प्रोटोकॉल लागतो. ग्राहकांची वेगवेगळी आभासी नेटवर्क ज्याच्या पाठीवर बसून धावतात असा हा तळाचा थर आहे, म्हणून त्याला अंडरले म्हणतात. वरच्या थरांत कितीही गुंतागुंत असली तरी अंडरलेचे काम एवढेच, की रॅक ते रॅक पॅकेट पोचले पाहिजे.

एका संस्थेच्या नेटवर्कमध्ये या कामाला बरीच वर्षे ओएसपीएफ किंवा आयएस-आयएस हे प्रोटोकॉल वापरले जात. त्यांत प्रत्येक स्विच नेटवर्कचा पूर्ण नकाशा स्वतःजवळ ठेवतो, आणि कुठेही एक वायर तुटली की ती बातमी प्रत्येकापर्यंत पोचवली जाते. लहान आणि मध्यम फॅब्रिकमध्ये हे चांगले चालते. पन्नास रॅक असलेल्या कोणी ओएसपीएफ लावले तर मी त्याला चूक म्हणणार नाही. पण लीफ-स्पाइनमध्ये वायरी इतक्या दाट असतात की तीच बातमी एका स्विचला अनेक बाजूंनी पुन्हा पुन्हा येते, आणि एका कोपऱ्यातल्या बिघाडासाठी सगळ्या स्विचना नकाशाचे गणित नव्याने मांडावे लागते.

बीजीपीचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. जानेवारी १९८९ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे भरलेल्या आयईटीएफच्या बैठकीत कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनवर त्याचा आराखडा काढला. स्वतंत्र मालकीची, एकमेकांवर पूर्ण विश्वास न ठेवणारी नेटवर्क जोडायची, हे त्याचे काम. अशा प्रत्येक नेटवर्कला ऑटोनॉमस सिस्टीम म्हणतात आणि प्रत्येकीला एक नंबर असतो. कामावर सगळे त्याला एएसएन म्हणतात. दोन वेगळ्या नंबरांमधल्या बीजीपीला ईबीजीपी, म्हणजे बाहेरचा बीजीपी, असे नाव आहे. आज सगळे इंटरनेट त्यावरच चालते.

हाच बाहेरचा प्रोटोकॉल एका छताखाली, एका मालकाच्या रॅकमध्ये लावायचा विचार पेत्र लापुखोव यांनी २०१२ मध्ये, मायक्रोसॉफ्टमध्ये असताना, उत्तर अमेरिकेतल्या नेटवर्क चालवणाऱ्यांच्या नॅनोग या परिषदेत मांडला. फेसबुकने २०१४ मध्ये आयोवातल्या आल्टूना इथल्या डेटा सेंटरची रचना जाहीर केली, तेव्हा तिथेही राउटिंगसाठी एकटा बीजीपीच होता. ऑगस्ट २०१६ मध्ये लापुखोव, आरिफ प्रेमजी आणि जॉन मिचेल यांच्या नावाने आरएफसी ७९३८ निघाला आणि ही पद्धत कागदावर आली. तिचे सूत्र असे, की प्रत्येक रॅक हे एक स्वतंत्र नेटवर्क आहे असे समजायचे आणि त्याला स्वतःचा खासगी एएसएन द्यायचा. त्यासाठी 64512 ते 65534 हे १,०२३ नंबर राखून ठेवलेले आहेत. ते कोणाकडून मागावे लागत नाहीत. घरातल्या घरात कोणीही वापरावेत, बाहेर नेऊ नयेत, एवढेच.

नंबर कसे वाटायचे हा या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. वरवर तो निव्वळ कारकुनी वाटतो. पण कोणता रस्ता अस्तित्वात असेल आणि कोणता नसेल, हे इथे नंबरच ठरवतात. त्याचे कारण बीजीपीच्या एका नियमात आहे.

बीजीपीमधली माहिती निरोपासारखी पुढे सरकते. रॅक १ मध्ये 10.1.1.0/24 ही पत्त्यांची पट्टी आहे आणि त्याच्या लीफचा नंबर 65101 आहे असे समजा. तो लीफ स्पाइनला निरोप देतो, "ही पट्टी माझ्याकडे आहे," आणि निरोपावर आपला नंबर लिहितो. स्पाइनचा नंबर 65000 आहे. तो निरोप पुढे रॅक २ च्या लीफला देताना आपला नंबर आधीच्या नंबरापुढे लावतो. रॅक २ ला मिळते ते असे: `65000 65101`. या ओळीला एएस पाथ म्हणतात. निरोप ज्यांच्या हातून आला त्यांची ही यादी असते, सगळ्यांत अलीकडचा पहिला. दोन निरोपांपैकी ज्याची यादी लहान, तो सहसा पसंत केला जातो. आणि नियम हा, की आलेल्या यादीत स्वतःचा नंबर दिसला तर तो निरोप तिथेच टाकून द्यायचा, कारण तो आपल्याच हातून जाऊन फिरून परत आला आहे. रस्ता गोल फिरू नये म्हणून बीजीपीमध्ये ही एवढीच व्यवस्था आहे.

रॅकना वेगवेगळे नंबर का, हे यातूनच कळते. रॅक १ आणि रॅक २ यांचा नंबर एकच असता तर रॅक १ चा निरोप रॅक २ ने आपला समजून टाकून दिला असता. स्पाइनच्या बाबतीत मात्र प्रश्न अवघड होतो. चार स्पाइनना चार नंबर द्यायचे की चौघांना मिळून एक? स्पाइन हीदेखील वेगवेगळी यंत्रे आहेत, तेव्हा वेगळे नंबर द्यावेत असे कोणालाही वाटेल. तसे दिले तरी सगळे चालू असताना काही बिघडलेले दिसत नाही. फरक कळतो तो काही तुटल्यावर.

एक लहान फॅब्रिक घेऊन पाहू. दोन स्पाइन, नंबर 65001 आणि 65002. चार रॅक, 65101 ते 65104. रॅक १ चा निरोप दोन्ही स्पाइनमार्गे सगळ्यांना पोचला आहे. प्रत्येक लीफ दोन्ही रस्ते वापरतो, पण पुढे सांगताना बीजीपी एकच रस्ता, त्याच्या मते सर्वोत्तम असलेला, सांगतो. रॅक ३ च्या लीफने स्पाइन २ चा रस्ता सर्वोत्तम ठरवला आहे असे धरा. तो हा निरोप स्पाइन १ लाही देतो: `65103 65002 65101`. स्पाइन १ या यादीत आपला नंबर शोधतो, तो नाही. म्हणून तो हा लांबचा रस्ता राखीव म्हणून वहीत ठेवतो. दुसरीकडे रॅक २ ने स्पाइन १ पसंत केला असेल, तर स्पाइन २ च्या वहीतही `65102 65001 65101` असा राखीव रस्ता पडलेला असतो.

आता रॅक १ च्या लीफची वीज जाते. तो रॅक संपूर्ण नाहीसा झाला. तिथे जायला कुठलाच रस्ता उरलेला नाही. पण स्पाइन १ ला ते कसे कळणार? त्याचा थेट रस्ता गेला, तेव्हा तो वही उघडतो, रॅक ३ मार्गे असलेला राखीव रस्ता उचलतो आणि सगळ्यांना सांगतो, "रॅक १ आहे, फक्त आता जरा लांबून जावे लागेल." स्पाइन २ देखील त्याच क्षणी रॅक २ च्या भरवशावर तेच सांगत असतो. मेलेल्या रॅकचे रस्ते असे एकमेकांच्या आधाराने जिवंत राहतात. याद्या लांबत जातात, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे स्वतःचा नंबर दिसेपर्यंत ही शोधाशोध थांबत नाही. याला पाथ हंटिंग म्हणतात. स्पाइन आणि रॅक जितके जास्त तितके खोटे माग जास्त. शिवाय दोन निरोपांमध्ये थांबण्याचा जो वेळ बीजीपीच्या मूळ प्रमाणकाने ईबीजीपीसाठी सुचवला आहे तो ३० सेकंदांचा आहे. इंटरनेटसाठी तो शहाणपणाचा आहे, पण तो तसाच राहू दिला तर प्रत्येक फेरीला तेवढी वाट पाहावी लागते. म्हणून डेटा सेंटरमध्ये तो शून्यावर आणतात.

दोन्ही स्पाइनना 65000 हा एकच नंबर द्या आणि हीच घटना पुन्हा घडवून पाहा. रॅक ३ आता स्पाइन १ ला जो निरोप देतो तो `65103 65000 65101` असा आहे. स्पाइन १ ला त्यात स्वतःचा नंबर दिसतो आणि तो निरोप टाकून देतो. वस्तुतः हा निरोप त्याच्या हातून गेलेलाच नव्हता. तो स्पाइन २ च्या हातून गेला होता. पण नियमाला ते कळत नाही, आणि तेच इथे हवे आहे. कोणत्याही स्पाइनच्या वहीत दुसऱ्या लीफमार्गे जाणारा राखीव रस्ता कधीच येत नाही. रॅक १ गेला की स्पाइन पहिल्याच झटक्यात "रस्ता नाही" असे सांगतो आणि विषय मिटतो. त्यासाठी वेगळी सेटिंग लागली नाही की फिल्टर लिहावा लागला नाही. नंबर कोणाला कोणता दिला, एवढ्यावर काम झाले. मला या रचनेतली ही गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

पूर्ण रॅक न जाता फक्त स्पाइन १ आणि रॅक १ यांच्यामधली वायर तुटली तर? तेव्हाही हेच होते. स्पाइन १ रॅक १ चा निरोप मागे घेतो, बाकीचे लीफ फक्त रॅक १ साठी स्पाइन १ ला वगळतात आणि ती वाहतूक स्पाइन २ कडे जाते. कुठलेही पॅकेट वर जाऊन, तिसऱ्याच रॅकमध्ये उतरून, पुन्हा वर चढत नाही. अशी वाहतूक झाली असती तर ज्या रॅकचा याच्याशी काही संबंध नाही, त्याच्या वायरी विनाकारण भरल्या असत्या.

रॅक १ च्या लीफवर प्रत्यक्षात काय लिहावे लागते ते पाहण्यासारखे आहे. एफआरआर या मुक्त राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते असे दिसते:

```
frr defaults datacenter
router bgp 65101
 bgp router-id 10.0.0.11
 bgp bestpath as-path multipath-relax
 neighbor swp51 interface remote-as external
 neighbor swp52 interface remote-as external
 address-family ipv4 unicast
  network 10.1.1.0/24
  maximum-paths 64
```

`swp51` आणि `swp52` ही स्पाइनकडे जाणाऱ्या दोन पोर्टांची नावे आहेत. समोरच्याचा पत्ता कुठेही लिहिलेला नाही, कारण दोन्ही स्विच आयपीव्ही६चे आपोआप मिळणारे पत्ते वापरून एकमेकांना शोधतात. `external` म्हणजे समोरच्याचा नंबर कोणताही असो, माझ्यापेक्षा वेगळा असला की चालेल. `multipath-relax` ची ओळ थोडी समजावून सांगावी लागेल. बीजीपी मुळात लांबी सारखी असूनही याद्यांतले नंबर वेगळे असतील तर त्या रस्त्यांवर वाहतूक वाटत नाही. स्पाइनना एकच नंबर असल्यामुळे लीफवर ही अडचण येत नाही. सगळ्यांकडून `65000 65101` हीच यादी येते. पण एखादी सेवा, उदाहरणार्थ डीएनएस, एकाच पत्त्यावर दोन रॅकमधून चालवली, तर स्पाइनला एकदा `65101` आणि एकदा `65103` असे दोन निरोप येतात. ही ओळ नसेल तर स्पाइन त्यांतला एकच वापरतो आणि दुसऱ्या रॅकमधले सर्व्हर रिकामे बसतात. म्हणून ती सगळीकडेच लिहून ठेवतात.

एकसारख्या स्पाइन नंबराने राखीव रस्ता बंद केला, त्याची किंमतही आहे, आणि ती न ओळखणारा फसतो. स्पाइनवर पत्त्यांची बेरीज करता येत नाही. वीस रॅकच्या वीस पट्ट्या वेगवेगळ्या सांगण्यापेक्षा स्पाइनने "10.1.0.0/16 सगळे माझ्याकडे" असे एकच वाक्य सांगावे, असा मोह नेटवर्क चालवणाऱ्याला होतो. यादी आटोपशीर दिसते. पण स्पाइन १ ची रॅक १ कडची वायर तुटली तरी हे वाक्य तसेच राहते, कारण बाकी एकोणीस रॅक शाबूत आहेत. बाकीचे लीफ रॅक १ ची आपली निम्मी कनेक्शन स्पाइन १ कडेच धाडत राहतात. स्पाइन १ कडे रॅक १ चा रस्ता नाही आणि दुसऱ्या लीफमार्गे जायचा रस्ताही नाही; ती पॅकेट तिथे नष्ट होतात. याचे लक्षण चमत्कारिक असते. रॅक १ मधल्या सर्व्हरशी एक कनेक्शन जुळत नाही, पुन्हा प्रयत्न केला तर जुळते. कारण दुसऱ्या प्रयत्नात सुरुवातीचे पोर्ट बदलते आणि लीफचे गणित ते कनेक्शन स्पाइन २ ला लावते. "कधी चालते, कधी नाही" अशी तक्रार आली आणि न चालण्याचे प्रमाण साधारण स्पाइनच्या संख्येशी जुळले, दोघांत निम्मे किंवा चौघांत पाव, तर वायर आणि बेरीज या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. उपाय सरळ आहे: प्रत्येक रॅकची पट्टी वेगळी सांगू द्यावी. काही शे किंवा काही हजार नोंदी आजच्या स्विचला जड नाहीत.

वायर तुटल्याचे कळायला किती वेळ लागतो, हेही थोडक्यात सांगतो. फायबर साफ तुटला की पोर्ट डाउन होतो आणि त्यावरचे सेशन ताबडतोब पाडले जाते. त्रास होतो तो पोर्टचा दिवा हिरवा असून पॅकेट मात्र जात नाहीत तेव्हा. मग बीजीपी समोरच्याच्या मौनाची वाट पाहतो, आणि अनेक उपकरणांत ही वाट मुळात १८० सेकंदांची असते. एफआरआरची `datacenter` ही ओळ ती ९ सेकंदांवर आणते. त्याहून लवकर हवे असेल तर बीएफडी नावाचा हलका प्रोटोकॉल जोडीला लावतात; तो ३०० मिलिसेकंदांच्या तीन ठोक्यांत, म्हणजे एका सेकंदाच्या आत, खबर देतो.

आता ज्या बिघाडाने जाणती माणसेही तासन्‌तास चकतात, तो पाहू. वीस रॅकचे फॅब्रिक आहे. रॅक १२ नवा बसवला. त्याच्या लीफची फाइल रॅक ७ वरून कॉपी केली. नाव बदलले, राउटर-आयडी बदलला, पत्त्यांची पट्टी 10.1.12.0/24 केली, पण `router bgp 65107` ही ओळ तशीच राहिली. रॅक ७ आणि रॅक १२ दोघांचा नंबर आता 65107 आहे.

सगळे दिवे हिरवे आहेत. रॅक १२ ची चारही स्पाइनशी सेशन जुळली आहेत, कारण प्रत्येक स्पाइन 65000 आहे आणि `external` ला तेवढे पुरते. रॅक १ पासून रॅक २० पर्यंत कोणीही रॅक १२ ला पोचतो, रॅक ७ लाही पोचतो. फक्त ७ आणि १२ एकमेकांशी बोलू शकत नाहीत. रॅक ७ चा निरोप स्पाइनकडून `65000 65107` असा रॅक १२ ला येतो, त्यात त्याला स्वतःचा नंबर दिसतो आणि तो निरोप टाकून देतो. उलट दिशेनेही तेच. तक्रार येते ती अशी: "रॅक १२ मधल्या सर्व्हरवरून डेटाबेस लागत नाही, शेजारच्या रॅक ११ वरून लागतो." मग फायरवॉल पाहिली जाते, केबल बदलल्या जातात, सर्व्हर पुन्हा चालू केला जातो. नेटवर्कच्या फलकावर एकही लाल खूण नसल्यामुळे नेटवर्कवर संशय शेवटी येतो.

शोधायचे कसे? रॅक १२ च्या लीफवर `show bgp summary` द्यावे. शेवटच्या बाजूला असलेल्या `State/PfxRcd` या रकान्यात प्रत्येक स्पाइनकडून स्वीकारलेल्या पट्ट्यांची संख्या असते. प्रत्येक रॅक एकच पट्टी सांगत असेल तर वीस रॅकमध्ये प्रत्येक लीफला एकोणीस दिसायला हव्यात. इथे चारही ओळींत अठरा दिसतात. चारही स्पाइन एकाच वेळी तीच एक पट्टी विसरणे शक्य नाही, म्हणजे दोष घेणाऱ्याच्या बाजूचा असणार. त्यानंतर स्पाइनवर जाऊन `show bgp ipv4 unicast` पाहावे. तिथे 10.1.7.0/24 समोर 65107 आहे आणि 10.1.12.0/24 समोरही 65107 आहे. दोन रॅक आणि नंबर एक, हे डोळ्यांना तिथेच दिसते. लीफच्या लॉगवर मात्र विसंबू नये. एफआरआरमध्ये डीबग चालू केले तर निरोप का नाकारला ते लिहून येते, पण काही कंपन्यांचे स्पाइन इतके हुशार असतात की समोरच्याचा नंबर यादीत आहे हे पाहून ते निरोप पाठवतच नाहीत. मग लीफच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही.

या बिघाडाचे आणखी एक रूप आहे, आणि ते जास्त वाईट. स्पाइनकडून लीफना डीफॉल्ट राउटही मिळत असेल, म्हणजे "ज्याचा पत्ता ठाऊक नाही ते सगळे माझ्याकडे पाठव" असा निरोप, तर दुहेरी नंबर असूनही ७ आणि १२ बोलतात. रॅक १२ ला रॅक ७ चा रस्ता माहीत नाही, म्हणून तो पॅकेट डीफॉल्टने स्पाइनकडे ढकलतो, आणि स्पाइनला रस्ता माहीत असतो. चूक अशी महिनोन्‌महिने झाकून राहते. मग एके दिवशी एका स्पाइनची रॅक ७ कडची वायर तुटते. बाकीचे सगळे रॅक तो स्पाइन वगळून मोकळे होतात, रॅक १२ मात्र डीफॉल्टच्या भरवशावर पाव वाहतूक त्याच स्पाइनकडे पाठवत राहतो. पत्त्यांच्या बेरजेने जे झाले होते तेच इथे होते. डीफॉल्ट राउट ही शेवटी सगळ्यांत मोठी बेरीज आहे.

म्हणून नंबर हाताने वाटूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. 65100 मध्ये रॅकचा क्रमांक मिळवावा आणि लीफची फाइल रॅकच्या नोंदवहीवरून स्क्रिप्टने तयार करावी. त्याने चूक टळते, आणि रात्री दोन वाजता कोणी पाथ वाचत असेल तर 65112 पाहून त्याला नकाशा न उघडता रॅक १२ कळतो. एका रॅकमध्ये दोन लीफ जोडीने बसवले असतील तर दोघांना एकच नंबर देण्याची प्रथा आहे. तेव्हा ते दोघे स्पाइनमार्गे एकमेकांचे निरोप घेत नाहीत, हे लक्षात ठेवून त्यांच्यामध्ये वेगळी थेट जोडणी ठेवावी लागते.

१,०२३ नंबर वीस रॅकना भरपूर झाले, पण हजारो रॅक असलेल्यांना ते पुरत नाहीत. त्यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे चार बाइटचे एएसएन. २०१३ च्या आरएफसी ६९९६ ने 4200000000 पासून 4294967294 पर्यंतचे नंबर खासगी वापराला मोकळे केले. ते साडेनऊ कोटींच्या आसपास भरतात. वाचायला ते लांबलचक आहेत आणि सगळी उपकरणे त्यांना समजून घेणारी हवीत. नवे फॅब्रिक उभारायचे असेल तर मी हीच वाट धरीन. दुसरी वाट म्हणजे रॅकचे समूह करायचे आणि प्रत्येक समूहात तेच नंबर पुन्हा वापरायचे. मग एका समूहातला 65107 दुसऱ्या समूहातल्या 65107 चा निरोप टाकून देईल, म्हणजे वर पाहिलेला बिघाड मुद्दाम ओढवून घेतल्यासारखे होईल. तो टाळायला लीफवर `allowas-in` ही सेटिंग लावतात: यादीत माझा नंबर एकदा दिसला तरी निरोप घे. ही सूट लीफपुरतीच ठेवावी लागते. ती चुकून स्पाइनवर लागली तर स्पाइन `65103 65000 65101` हा निरोप घेऊ लागतो, वहीत राखीव रस्ते जमतात आणि पाथ हंटिंग मागच्या दाराने परत येते.

हे सगळे नंबर घरातले आहेत, तेव्हा फॅब्रिकच्या वेशीवर ते उतरवावे लागतात. इंटरनेटकडे तोंड करून असलेल्या बॉर्डर राउटरवर `remove-private-AS` ही ओळ लावतात. ती यादीतून खासगी नंबर काढून टाकते आणि बाहेरच्यांना फक्त संस्थेचा सार्वजनिक एएसएन दिसतो. इथे एक जुना खड्डा आहे. यादीत खासगी आणि सार्वजनिक नंबर मिसळलेले असतील तर काही उपकरणे ही ओळ असूनही काहीच काढत नाहीत. त्यांना `all` हा शब्द जोडून द्यावा लागतो. ते काम झाले की नाही हे आतून दिसत नाही. बाहेरच्या एखाद्या सार्वजनिक लुकिंग ग्लासवर, म्हणजे दुसऱ्यांच्या राउटरमधून आपल्याकडे पाहण्याची सोय असलेल्या सेवेवर, आपली पट्टी शोधावी आणि एएस पाथ वाचावा. त्यात 64512 ते 65534 मधला एकही नंबर दिसला तर बॉर्डरवरची ती ओळ काम करत नाही.